आधी चावी बदला, मग खाडाखोड करा

ऑक्टोबर 2022 मध्ये टोयोटाने जपानमध्ये एक निवेदन काढून ग्राहकांची माफी मागितली. गाडी आणि मोबाईल एकमेकांना जोडणाऱ्या ‘टी-कनेक्ट’ या सेवेच्या 2,96,019 ग्राहकांचे ईमेल पत्ते आणि ग्राहक क्रमांक बाहेर गेले असण्याची शक्यता होती. कुणी भिंत फोडून आत शिरलं नव्हतं. या सेवेची वेबसाइट तयार करणाऱ्या उपकंत्राटदाराने डिसेंबर 2017 मध्ये सोर्स कोडचा काही भाग गिटहबवर चढवला होता, आणि तो सगळ्या जगाला दिसेल अशा पद्धतीने. त्या कोडमध्येच ग्राहकांची माहिती ठेवलेल्या सर्व्हरची चावी लिहिलेली होती. ही गोष्ट कंपनीच्या लक्षात आली 15 सप्टेंबर 2022 रोजी. म्हणजे चावी जवळपास पाच वर्षं उघड्यावर होती आणि त्या पाचही वर्षांत ती चालत होती.

त्या निवेदनात दोन तारखा आहेत आणि माझ्या दृष्टीने सगळी गोष्ट त्या दोन तारखांच्या मध्ये आहे. 15 सप्टेंबरला गिटहबवरचा कोड खासगी करण्यात आला. सर्व्हरची चावी बदलली गेली 17 सप्टेंबरला. पाच वर्षांच्या मानाने दोन दिवस म्हणजे काहीच नाही, पण कामाचा क्रम बघा. आधी कागद झाकला, मग कुलूप बदललं. आपल्या हातून असं काही झालं तर बहुतेकांच्या मनात हाच क्रम येतो आणि तो उलटा आहे.

आधी ही चावी म्हणजे काय ते पाहू. आपण बँकेच्या वेबसाइटवर पासवर्ड टाकतो तेव्हा समोर माणूस असतो. पण एखाद्या दुकानाच्या वेबसाइटला फोटो साठवायचे असतील, ग्राहकाला एसएमएस पाठवायचा असेल, ऑनलाइन पैसे घ्यायचे असतील तर त्या वेबसाइटचा प्रोग्रॅमच दुसऱ्या कंपनीच्या यंत्रणेशी बोलतो. त्या प्रोग्रॅमला स्वतःची ओळख पटवावी लागते, आणि त्यासाठी त्याला अक्षरांची एक लांबलचक माळ दिलेली असते. ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेत तिचे दोन भाग असतात. पहिला 20 अक्षरांचा, बहुधा `AKIA` ने सुरू होणारा, म्हणजे ओळख क्रमांक. दुसरा 40 अक्षरांचा, तो गुप्त. हे दोन्ही ज्याच्या हातात, तो त्या यंत्रणेच्या लेखी तुम्हीच. ओटीपी येत नाही, फोन वाजत नाही, कुणी काही विचारत नाही.

या चाव्या कोडमध्ये येऊ नयेत हे प्रत्येक प्रोग्रॅमरला ठाऊक असतं. नेहमीची पद्धत अशी की `.env` नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये त्या ठेवायच्या आणि `.gitignore` मध्ये त्या फाइलचं नाव लिहायचं, म्हणजे गिट तिच्याकडे दुर्लक्ष करतं. चूक होते ती इथेच. नवीन प्रोजेक्ट सुरू करताना `.gitignore` करायची राहते आणि संध्याकाळी घाईघाईत `git add .` म्हटलं की फोल्डरमधलं सगळं, त्या फाइलसकट, आत जातं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी `.gitignore` मध्ये नाव घालतं आणि सगळ्यांना वाटतं की काम झालं. पण गिटने एकदा नोंद घेतलेली फाइल `.gitignore` मध्ये नाव घालून बाहेर जात नाही. ती आतच राहते आणि तिच्यात पुढे होणारे बदलही नोंदले जातात.

समजा पुण्यातल्या सहा जणांच्या एका टीमच्या बाबतीत हेच झालं. एका हॉटेलसाठी ते वेबसाइट करतात, रेपॉझिटरी सगळ्यांना दिसणारी आहे, आणि `.env` फाइल दुपारी वर गेली. चूक करणाऱ्या मुलीच्या ती पाच मिनिटांत लक्षात आली. ती काय करेल? फाइल काढून टाकेल, ‘अनावश्यक फाइल काढली’ असा शेरा देऊन नवीन कमिट करेल आणि पुन्हा पुश करेल. वेबसाइटवर रेपॉझिटरी उघडली तर फाइल दिसत नाही. जीव भांड्यात पडतो.

पण गिट हा रोजमेळ आहे, पाटी नव्हे. कालची चुकीची नोंद खोडली तरी कालचं पान तसंच राहतं आणि आज फक्त ‘नोंद रद्द केली’ असं नवीन पान जोडलं जातं. जुनं पान कुणालाही उघडता येतं. कुणालाही म्हणजे खरोखर कुणालाही. रेपॉझिटरीची प्रत उतरवून घ्यायची आणि ही एक ओळ चालवायची:

```
git log --all --oneline -S "AKIAIOSFODNN7EXAMPLE"
```

ही अक्षरं ज्या कमिटमध्ये आली आणि ज्या कमिटमध्ये गेली, ती दोन्ही समोर येतात. (ही चावी ॲमेझॉनच्या मदतपुस्तिकेतली नमुन्याची आहे, खरी नाही.) आणि ‘अनावश्यक फाइल काढली’ असा शेरा असलेलं कमिट तर शोधणाऱ्याला बोट दाखवून सांगतं की इथे बघ.

आमच्या सहा जणांच्या रेपॉझिटरीकडे कोण कशाला बघेल, असा विचार सहज मनात येतो. माणूस बघत नाही, प्रोग्रॅम बघतात. गिटहबवर सार्वजनिक होणाऱ्या प्रत्येक घडामोडीची यादी कुणालाही मिळते. चाव्यांची ठेवण ठरलेली असते, त्यामुळे `AKIA` आणि पुढे 16 अक्षरं असं शोधणं यंत्राला अगदी सोपं जातं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा फुटलेल्या चाव्या एक लाखाहून अधिक रेपॉझिटरींमध्ये सापडल्या, आणि रोज हजारो नव्या येत होत्या. पालो आल्टो नेटवर्क्सच्या ‘युनिट 42’ या गटाने ऑक्टोबर 2023 मध्ये एका टोळीची पद्धत मांडली. गिटहबवर ॲमेझॉनची चावी दिसल्यापासून पाच मिनिटांच्या आत ही टोळी ती वापरायला लागत होती. त्या चावीने ती जगभरातल्या डेटा सेंटरमध्ये मोठी मोठी यंत्रं भाड्याने घ्यायची आणि त्यांच्यावर मोनेरो हे आभासी चलन तयार करायची. भाडं अर्थात चावीच्या मालकाच्या नावावर. आपल्या पुण्याच्या टीमचं सगळं काम मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये, `ap-south-1` मध्ये चालतं, म्हणून त्यांच्या पडद्यावर मुंबईचीच यंत्रं दिसतात. दुसऱ्या खंडात काय सुरू झालं ते बिल आल्यावर कळतं.

रेपॉझिटरी खासगी असली की प्रश्न मिटला, असंही नाही. 2016 मध्ये उबरच्या बाबतीत रेपॉझिटरी खासगीच होती. हल्लेखोरांनी उबरच्या कर्मचाऱ्यांच्या गिटहब खात्यांत शिरकाव केला, आत ॲमेझॉनची चावी सापडली, आणि तिच्या जोरावर 5 कोटी 70 लाख प्रवासी आणि चालकांची माहिती बाहेर गेली. त्यात सुमारे सहा लाख चालकांचे परवाना क्रमांक होते. खासगी रेपॉझिटरीमुळे चावी बघणाऱ्यांची संख्या कमी होते, चावी गुप्त होत नाही.

म्हणून त्या मुलीने पहिल्या मिनिटाला गिटला हात लावू नये. ती चावी ज्या सेवेची आहे तिथे जावं आणि चावी मारून टाकावी. चावी मेली की इतिहासाच्या पानावर राहिलेली ती अक्षरं निरुपयोगी होतात, मग ती कुणीही वाचोत. उलट इतिहास कितीही नीट पुसला आणि चावी जिवंत ठेवली, तर पाच मिनिटांत जी प्रत कुणीतरी उतरवून नेली तिचं काय करणार? जगात कुठे किती प्रती गेल्या हे आपल्याला कधीच कळत नाही. चावी मात्र आपल्याच हातात असते.

आता ‘चावी बदलणं’ हे दोन शब्द म्हणायला सोपे आहेत. प्रत्यक्षात त्यात चार कामं असतात: नवीन चावी तयार करायची, ती जिथे जिथे वापरली जाते तिथे पोचवायची, जुनी बंद करायची, आणि कशाचंही अडत नाही याची खात्री झाली की जुनी कायमची पुसायची. ॲमेझॉनने एका वापरकर्त्याला एकाच वेळी दोन चाव्या ठेवायची मुभा दिली आहे ती यासाठीच. एक चालू असताना दुसरी रुजवता यावी.

```
aws iam create-access-key --user-name hotel-photo
aws iam update-access-key --user-name hotel-photo \
  --access-key-id AKIAIOSFODNN7EXAMPLE --status Inactive
```

नेहमीच्या, ठरवून केलेल्या बदलात याच क्रमाने जावं: आधी वरची ओळ, मग सगळीकडे नवीन चावी, आणि दोन-चार दिवसांनी खालची ओळ. पण चावी सार्वजनिक ठिकाणी फुटली असेल तर मी खालची ओळ आधी चालवेन. वेबसाइटवर फोटो चढणं दहा मिनिटं बंद राहील, हॉटेलवाल्याचा फोन येईल, तो घ्यावा. त्या दहा मिनिटांत चावी चालू ठेवण्याची किंमत किती असेल हे आधी सांगता येत नाही आणि नुकसानीला वरची मर्यादाही नसते. चावी खासगी रेपॉझिटरीत, चार ओळखीच्या माणसांनाच दिसली असेल, तर मात्र नवीन चावी आधी रुजवून तासाभरात जुनी बंद केली तरी चालेल.

पहिलीच ओळ कधीकधी अडते. दोन चाव्यांची मर्यादा आधीच भरली आहे, असं उत्तर येतं. मग कळतं की तीन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या कुणासाठी काढलेली एक चावी अजून जिवंत आहे. ती कुठे वापरली जाते का, हे असं विचारता येतं:

```
aws iam get-access-key-last-used \
  --access-key-id AKIAIOSFODNN7EXAMPLE
```

उत्तरात शेवटचा वापर कधी झाला, कोणत्या सेवेसाठी आणि कोणत्या भागातून झाला, हे येतं. हीच ओळ पुढे फुटलेल्या चावीसाठीही कामाला येते, कारण खरा वेळखाऊ भाग असतो तो चावी कुठे कुठे पोचली आहे हे शोधण्याचा. चालू सर्व्हरवर ती आहे हे सगळ्यांना माहीत असतं. पण तीच चावी एकाने स्वतःच्या लॅपटॉपवर घातलेली असते, चाचण्या आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेच्या सेटिंगमध्ये असते, आणि रात्री दोन वाजता बॅकअप घेणाऱ्या एखाद्या जुन्या स्क्रिप्टमध्येही असते. सर्व्हर बंद पडला तर लगेच आरडाओरडा होतो. बॅकअप बंद पडला तर काहीच होत नाही. तो लागेल तेव्हा कळतं की चावी बदलल्या दिवसापासून एकही बॅकअप झालेला नाही. महिनाअखेरीचा अहवाल काढणारी स्क्रिप्ट असेल तर ती थेट 31 तारखेला आडवी येते. त्यामुळे चावी बदलल्यानंतर पुढचा निदान एक महिना या न दिसणाऱ्या कामांवर कुणीतरी नाव घेऊन लक्ष ठेवायला हवं.

बंद केलेली चावी पुन्हा चालू करता येते, पुसलेली येत नाही. म्हणून आधी बंद, मग पुसणं, हा क्रम शहाणपणाचा. पण फुटलेल्या चावीच्या बाबतीत या सोयीचाच घात होतो. 31 तारखेला अहवाल निघत नाही, साहेब तातडी करतात, आणि कुणीतरी ‘फक्त आजच्या दिवसापुरती’ म्हणून जुनी चावी चालू करतो. ती मग तशीच राहते. जी चावी जगाने पाहिली आहे ती अडचण सोडवण्यासाठी कधीही परत चालू करू नये. स्क्रिप्टला नवीन चावी द्यावी, मग रात्र झाली तरी हरकत नाही.

आणखी एक गोष्ट हमखास सुटते. सगळ्यांचं लक्ष ॲमेझॉनच्या चावीवर असतं, पण वर गेलेली असते ती पूर्ण फाइल. `.env` उघडून एकेक ओळ वाचावी: डेटाबेसचा पासवर्ड, एसएमएस सेवेचं टोकन, पैसे घेणाऱ्या गेटवेची गुप्त चावी, ईमेल पाठवणाऱ्या खात्याचा पासवर्ड. त्यातली प्रत्येक ओळ फुटली आहे असंच धरायचं. डेटाबेसचा पासवर्ड चाचणीच्या आणि खऱ्या सर्व्हरला एकच असेल, तर तो दोन्हीकडे बदलायचा.

नवीन चावी लागली, जुनी मेली. आता प्रश्न असा की मधल्या वेळात कुणी आत येऊन गेलं का? ॲमेझॉनमध्ये ‘क्लाउडट्रेल’ नावाची नोंदवही असते. त्यात मागच्या 90 दिवसांतले व्यवस्थापनाचे व्यवहार मुळातच दिसतात: कुणी यंत्र सुरू केलं, कुणी नवीन वापरकर्ता तयार केला, कुणी परवानग्या बदलल्या. फुटलेल्या चावीचा ओळख क्रमांक घालून शोधायचं आणि अनोळखी आयपी पत्ते, अनोळखी प्रदेश, अनोळखी वेळा बघायच्या. घरात शिरलेला माणूस जाताना बहुधा स्वतःसाठी दुसरं दार करून जातो, म्हणून नवीन वापरकर्ते आणि त्यांच्या चाव्या आधी तपासायच्या. शिवाय चालू चावी दाखवून तात्पुरते पास काढता येतात, आणि त्यातले काही मूळ चावी बंद झाल्यावरही मुदत संपेपर्यंत चालू राहतात. एका प्रकारात ही मुदत 36 तासांपर्यंत असू शकते. त्यामुळे चावी बंद करण्याबरोबर त्या वापरकर्त्याच्या परवानग्याही काढून घ्याव्या लागतात, म्हणजे त्याच्या नावावर निघालेले असे पासही लुळे पडतात.

या नोंदवहीला एक मोठी मर्यादा आहे. साठवलेली एकेक फाइल कुणी उघडून वाचली, याची नोंद आपोआप होत नाही. ती सोय आधीच चालू केलेली असावी लागते आणि तिचे पैसे पडतात. चालू नसेल, तर कुणी माहिती वाचली नाही असं छातीठोकपणे सांगता येत नाही. टोयोटाच्या निवेदनातही हेच आहे: नोंदी तपासल्यावर बाहेरच्या कुणी प्रवेश केल्याचं दिसलं नाही, पण तशी शक्यता पूर्णपणे नाकारताही येत नाही. भारतात तर ही केवळ सोयीची बाब राहिलेली नाही. सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार नोंदी 180 दिवस ठेवाव्या लागतात आणि माहिती फुटण्यासारखी किंवा अनधिकृत प्रवेशाची घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. 90 दिवसांच्या आयत्या नोंदवहीवर विसंबून राहणारी टीम यात कमी पडते.

चावी बदलण्याची झळ कधीकधी आपल्या टीमपुरती राहत नाही. याचं सर्वांत बोलकं उदाहरण खुद्द गिटहबचं आहे. मार्च 2023 मध्ये गिटहबच्या लक्षात आलं की त्यांच्या सर्व्हरची आरएसए प्रकारची खासगी चावी एका सार्वजनिक रेपॉझिटरीत थोडा वेळ दिसत होती. ही चावी आत शिरण्याची नव्हती. ‘तुम्ही ज्याच्याशी बोलताय तो गिटहबच आहे’ ही खूण पटवणारी ती चावी होती. ती कुणाच्या हाती लागली, तर तो मध्ये बसून गिटहब असल्याचं सोंग आणू शकला असता. तिचा गैरवापर झाल्याचं मानायला कारण नाही, असं कंपनीने सांगितलं, पण 24 मार्चला ती बदलून टाकली. जगभरात ही जुनी खूण साठवून ठेवलेल्या यंत्रांवर त्या दिवशी असा इशारा झळकला:

```
WARNING: REMOTE HOST IDENTIFICATION HAS CHANGED!
```

आपोआप चालणारी कितीतरी कामं अडली. उपाय एका ओळीचा होता, `ssh-keygen -R github.com` म्हणून जुनी खूण काढायची आणि गिटहबने प्रसिद्ध केलेली नवी खूण ताडून घ्यायची. चावी थोडाच वेळ दिसली होती आणि गैरवापराचा पुरावा नव्हता, तरी त्यांनी जगभरचा हा त्रास पत्करला. मला हा निर्णय अगदी योग्य वाटतो. पुरावा मिळेपर्यंत थांबायचं ठरवलं असतं, तर तो पुरावा कुणाच्या तरी नुकसानीतूनच मिळाला असता.

आता गिटच्या इतिहासाकडे येऊ. त्यातून ती पानं खरोखर काढता येतात. आज त्यासाठी `git filter-repo` हे साधन वापरलं जातं. नव्याने उतरवलेल्या प्रतीत जाऊन असं म्हणायचं:

```
git filter-repo --invert-paths --path .env
```

म्हणजे `.env` वगळून पहिल्या कमिटपासून सगळा इतिहास नव्याने लिहून काढ. हे काही सेकंदांत होतं, पण परिणाम दूरवर जातात. प्रत्येक कमिटला त्याच्या मजकुरावरून निघालेला एक लांब क्रमांक असतो आणि त्या मजकुरात आधीच्या कमिटचा क्रमांकही धरलेला असतो. मधलं एक कमिट बदललं की त्याच्या पुढच्या प्रत्येकाचा क्रमांक बदलतो. मग हा नवा इतिहास जुन्यावर जबरदस्तीने लादावा लागतो, म्हणजे फोर्स पुश करावा लागतो. टीममधल्या बाकीच्या पाच जणांकडे मात्र जुनाच इतिहास आहे. त्यातला एकजण सुट्टीवरून परत येतो, नेहमीसारखा `git pull` करतो, दोन इतिहास एकत्र जोडतो आणि पुश करतो. काढलेली फाइल पुन्हा इतिहासात हजर. हे टाळायचं तर सगळ्यांनी आपली अर्धवट कामं आधी पुश करून मोकळं व्हायचं, ठरलेल्या वेळी इतिहास बदलायचा आणि त्यानंतर प्रत्येकाने जुनं फोल्डर काढून नवीन प्रत उतरवायची.

इतकं करूनही गिटहबवर जुनी पानं शिल्लक राहू शकतात. कमिटचा क्रमांक ठाऊक असेल, तर इतिहासातून काढलेलं कमिटही थेट पत्त्यावरून उघडतं. पुल रिक्वेस्टमध्ये अडकलेली जुनी कमिटं आपल्याला बदलता येत नाहीत, त्यासाठी गिटहबच्या मदत केंद्राला लिहावं लागतं. आणि कुणी आपल्या रेपॉझिटरीचा फोर्क घेतला असेल, तर ती त्याची स्वतंत्र प्रत असते आणि ती पुसणं त्याच्या मर्जीवर असतं.

मग हा सगळा खटाटोप करावा का? चावी मेलेली असेल, तर माझ्या मते बहुतेक वेळा करू नये. मेलेली चावी इतिहासात पडून राहिली म्हणून काही बिघडत नाही, आणि सहा जणांचा एक दिवस वाचतो. खुद्द गिटहबची मदतपुस्तिकाही आधी चावी बदला, तेवढ्याने भागत असेल तर इतिहास पुन्हा लिहायची गरज नाही, असंच सुचवते. पण जी माहिती बदलता येत नाही तिची गोष्ट वेगळी. चाचणीसाठी घेतलेल्या फाइलमध्ये त्या हॉटेलच्या खऱ्या पाहुण्यांची नावं, पत्ते, आधार क्रमांक असतील, तर ते ‘रोटेट’ करता येत नाहीत. तिथे हा पूर्ण खटाटोप करायलाच हवा, मदत केंद्राला पत्र लिहायलाच हवं, आणि ज्यांची माहिती आहे त्यांना सांगायलाही हवं.

चूक होण्याआधीच अडवणारी साधनं आता बरीच सुधारली आहेत. फेब्रुवारी 2024 पासून गिटहब सार्वजनिक रेपॉझिटरींमध्ये ओळखीच्या ठेवणीची चावी दिसली की पुशच अडवतं. ॲमेझॉनची चावी तरीही बाहेर गेली, तर गिटहब ॲमेझॉनला कळवतं आणि ॲमेझॉन त्या वापरकर्त्याच्या काही कामांवर बंदी घालतं. पण चावी त्याने बंद होत नाही, ते तुम्हालाच करावं लागतं. ‘गिटलीक्स’सारखं साधन स्वतःच्या लॅपटॉपवर बसवलं, तर कमिट करतानाच इशारा मिळतो. या सगळ्यांची एक अडचण आहे: त्यांना ठेवण ओळखता यावी लागते. `AKIA` ने सुरू होणारी चावी ते पकडतील, पण कुणी डेटाबेसचा पासवर्ड `ganpati2024` असा ठेवला असेल, तर तो पासवर्ड आहे हे यंत्राला कळणं अवघड आहे. त्याहून चांगला उपाय म्हणजे कायमची चावीच न ठेवणं. ॲमेझॉनच्या यंत्रावर चालणाऱ्या प्रोग्रॅमला ‘रोल’ देता येतो. मग त्याला लागणाऱ्या चाव्या काही तासांपुरत्या मिळतात आणि आपोआप बदलत राहतात. फाइलमध्ये लिहायला काही उरतच नाही.

तोवर, ज्यांच्याकडे अशा चाव्या आहेत त्यांना एक विनंती. या आठवड्यात न फुटलेली एखादी चावी निवडा आणि ती बदलून बघा. ती कुठे कुठे लागते याची यादी करा, किती वेळ लागला ते लिहून ठेवा, काय अडलं तेही लिहा. आणि ज्यांच्या हाताखाली मुलंमुली काम करतात त्यांनी आजच स्पष्ट सांगून ठेवावं की चावी चुकून वर गेली तर ताबडतोब सांगा, कुणी ओरडणार नाही. त्या मुलीने चूक केल्यावर फाइल गुपचूप काढून टाकली ती बोलणी खाण्याच्या भीतीने, आणि त्या भीतीत गेलेली मिनिटं चावी शोधणाऱ्यांच्या पथ्यावर पडतात.